रुपयांत नव्हे, ग्रॅममध्ये कर्ज
(पहाडगंज येथे खातेदारांच्या सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)

आज मला सोन्याच्या कर्जाबद्दल बोलायचं आहे, पण तुम्हाला माहीत असलेल्या सोन्याच्या कर्जाबद्दल नाही. आपण बांगड्या बँकेत ठेवतो आणि पैसे घेतो, ते सोनेतारण कर्ज. त्यात सोनं बँकेकडे जातं आणि पैसे आपल्याकडे येतात. मी सांगणार आहे ते याच्या नेमकं उलट आहे. त्यात बँक सराफाला सोनं देते आणि सराफ बँकेचा सोन्याचा देणेकरी होतो. बँकेच्या कागदांवर याला गोल्ड मेटल लोन म्हणतात. आपण त्याला धातुकर्ज म्हणू.

तुमच्यापैकी बहुतेकांना असं कर्ज कधीच घ्यायचं नाही. मग ऐकायचं कशाला? इथून करोलबाग जवळ आहे आणि चांदणी चौकातलं कुचा महाजनीही लांब नाही. या दोन्ही बाजारांत सांगली जिल्ह्यातून, खानापूर-आटपाडीकडून गलाईच्या कामासाठी आलेली आपली माणसं आहेत. कुणाचा भाचा, कुणाचा चुलतभाऊ तिथे भट्टी लावून बसलेला आहे. त्यातला एखादा पुढे जाऊन स्वतःचा दागिन्यांचा कारखाना काढतो. मग तो मामांकडे येतो आणि म्हणतो, "मामा, बँकेत तुमची दहा लाखांची ठेव आहे ना, ती जरा माझ्या कर्जाला जोडून द्या. पैसे तुमचेच राहतील, व्याजही तुम्हालाच मिळेल." मामा सही करतात. आपण कशाला जामीन राहिलो आहोत, हे मामांना माहीत असायला हवं. म्हणून आजचा विषय.

आधी गावाकडचा हिशेब आठवा. पेरणीच्या वेळी घरात बियाणं नसलं, तर शेजाऱ्याकडून चार पायल्या जोंधळा आणायचे. सुगीनंतर पाच पायल्या परत द्यायच्या. त्याला सवाई म्हणत. जोंधळ्याचा भाव तेव्हा काय होता आणि आता काय आहे, हे कुणी विचारत नसे. देणं पायल्यांत होतं, फेड पायल्यांत होती. धातुकर्जाचा गाभा हाच आहे. सराफाचं देणं ग्रॅममध्ये असतं. वहीत 'एक कोटी रुपये येणे' असं नसतं, 'एक किलो सोनं येणे' असं असतं.

फरक दोन आहेत. व्याज सोन्यात घेत नाहीत, त्या सोन्याच्या चालू किमतीवर काढून रुपयांत घेतात. आणि फेडताना सराफ बहुतेक वेळा सोन्याची लगड परत आणून देत नाही. तो त्या दिवसाच्या भावाने त्या ग्रॅमचे रुपये भरतो. हा दुसरा फरक नीट समजला की बाकीचं आपोआप उलगडतं. म्हणून तो सावकाश पाहू.

बँकेकडे हे सोनं येतं कुठून? बँकांपैकी सोनं आयात करण्याची परवानगी ठरावीक बँकांनाच असते. परदेशातले मोठे पुरवठादार अशा बँकेकडे एक-एक किलोच्या लगडी पाठवतात. सोनं इथे येतं, पण त्याचा भाव तेव्हा ठरलेला नसतो. बँक तीच लगड सराफाला देते. पुढे सराफाने भाव ठरवला की त्याच वेळी बँकही पुरवठादाराशी भाव ठरवते आणि त्याला डॉलर पाठवते. मधल्या काळात सोन्याचा भाव वर गेला किंवा खाली आला, तरी बँकेला त्यात नफाही नाही आणि तोटाही नाही. तिची कमाई व्याजातल्या तिच्या वाट्यापुरती. त्यामुळे हा व्याजदर साध्या रोख कर्जापेक्षा बराच कमी असतो.

आकडे घेऊन पाहू. हिशेब सोपा जावा म्हणून सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. आजचा भाव हा नव्हे. कर आणि शुल्कही बाजूला ठेवू. एका सराफाला एक किलो सोनं हवं आहे, म्हणजे एक कोटीचा माल. रोख कर्ज काढून सोनं विकत घेतलं आणि व्याज दहा टक्के धरलं, तर तीन महिन्यांचे सुमारे २ लाख ४७ हजार रुपये होतात. धातुकर्ज घेतलं आणि व्याज चार टक्के धरलं, तर सुमारे ९९ हजार. दर बँकेगणिक आणि वेळेगणिक बदलतात, मी फक्त अंतर दाखवतो आहे.

पण सराफ धातुकर्ज घेतो ते केवळ स्वस्त व्याजासाठी नव्हे. समजा, तीन महिन्यांत भाव १०,००० वरून ९,००० वर आला. ज्याने रोख कर्ज काढून सोनं घेतलं, त्याच्या दुकानातला माल आता नव्वद लाखांचा झाला, पण बँकेला एक कोटीच द्यायचे आहेत. ज्याने धातुकर्ज घेतलं, त्याचाही माल नव्वद लाखांचा, पण देणंही एक किलोचंच, म्हणजे नव्वद लाखांचंच. त्याचं काही बिघडलं नाही. त्याची मिळकत घडणावळीत आहे आणि ती शाबूत राहिली. भाव ११,००० झाला, तरी तसंच. देणं एक कोटी दहा लाखांचं झालं, पण दुकानातला मालही तेवढ्याचाच झाला.

मात्र हे सगळं एका अटीवर खरं आहे. दागिना विकला गेला की त्यातल्या सोन्याइतक्या ग्रॅमचा भाव त्याच दिवशी बँकेकडे बांधायचा आणि पैसे भरायचे. बाजारात याला 'फिक्सिंग' म्हणतात. आज चारशे ग्रॅमचा माल गेला, तर आज चारशे ग्रॅम फिक्स. मग देणं सहाशे ग्रॅम उरतं आणि दुकानातही सहाशे ग्रॅम असतात. दोन्ही पारडी समान. ही शिस्त मोडली की धातुकर्जाचं रूपच बदलतं.

आता भाच्याची गोष्ट घेऊ. माणसं काल्पनिक आहेत, हिशेब खरा आहे.

भाच्याने एक किलो सोनं घेतलं. भाव १०,०००. बँक नुसत्या विश्वासावर सोनं देत नाही. सोन्याच्या किमतीपेक्षा थोडं जास्त तारण मागते. इथे ते ११० टक्के धरू, म्हणजे एक कोटी दहा लाख. भाच्याने घर गहाण ठेवून बँक गॅरंटी काढली, स्वतःची ठेव जोडली आणि एक कोटी जमवले. उरलेल्या दहा लाखांच्या जागी मामांची ठेव आली. मामांच्या पावतीवर बँकेने आपला हक्क नोंदवला. बँकेचे लोक त्याला 'लीन मार्क केलं' म्हणतात. म्हणजे ती ठेव आता बँकेच्या परवानगीशिवाय मोडता येणार नाही.

चाळीस दिवसांत चारशे ग्रॅमचे दागिने विकले गेले, भाव तोच होता. भाच्याच्या हातात सोन्याचे चाळीस लाख आले, घडणावळ वेगळी. त्या दिवशी त्याने चारशे ग्रॅम फिक्स करायला हवे होते. पण शेजारचा गाळा मिळत होता, अनामत द्यायची होती. त्याने विचार केला, कर्जाची मुदत अजून आहे, भाव जरा उतरेल तेव्हा फिक्स करू. चाळीस लाख गाळ्यात गेले.

सत्तराव्या दिवशी भाव ११,५०० झाला. आता पाहा. भाच्याचं देणं अजूनही एक किलो आहे, म्हणजे एक कोटी पंधरा लाख. दुकानात सहाशे ग्रॅम आहेत, एकोणसत्तर लाखांचे. विकलेल्या चारशे ग्रॅमला तेव्हा चाळीस लाख पुरले असते, आता सेहेचाळीस लागतात. सहा लाखांची खोट आली, आणि ते चाळीस लाखही हातात नाहीत.

बँक रोज चालू भावाने तारण मोजते. ११० टक्क्यांच्या हिशेबाने आता एक कोटी साडेसव्वीस लाखांचं तारण हवं, आणि आहे एक कोटी दहा लाखांचं. बँकेचा फोन येतो की साडेसोळा लाख आणून भरा. भाच्याने ते भरले नाहीत, तर करारानुसार बँक स्वतःच त्या दिवसाच्या भावाने सगळे ग्रॅम फिक्स करू शकते, गॅरंटी वसूल करू शकते आणि मामांची ठेव वळती करून घेऊ शकते. एक कोटी पंधरा लाखांपैकी एक कोटी दहा लाख असे वसूल होतील. मामांचे दहा लाख पूर्ण जातील आणि भाच्याकडे पाच लाख अधिक व्याज निघतच राहील.

त्याने चाळिसाव्या दिवशी चारशे ग्रॅम फिक्स केले असते, तर सत्तराव्या दिवशी देणं सहाशे ग्रॅमचं, एकोणसत्तर लाखांचं असतं. दुकानात तेवढंच सोनं असतं. ११० टक्क्यांच्या हिशेबाने तारण शहात्तर लाखांच्या आतच लागलं असतं आणि बँकेचा फोनही आला नसता. भाव तोच, बाजार तोच. मधला फरक फक्त एका न केलेल्या फिक्सिंगचा.

इथे आपल्या सवयीच्या उलट गोष्ट आहे, ती ध्यानात घ्या. आपण स्वतःच्या बांगड्या ठेवून कर्ज काढतो तेव्हा भाव चढला तर आपल्याला बरं वाटतं, कारण तारणाची किंमत वाढते. धातुकर्जात भाव चढला की देणं वाढतं. टीव्हीवर 'सोन्याचा उच्चांक' अशी बातमी आली की घरात आनंद होतो, आणि त्याच दिवशी मामांच्या ठेवीवरचा भार वाढलेला असतो.

मग मामांनी काय विचारावं? धंदा कसा चालला आहे, हे विचारून काही कळत नाही. सगळे छानच म्हणतात. "बँकेचे किती ग्रॅम अजून फिक्स व्हायचे आहेत, आणि तुझ्याकडे किती ग्रॅम आहेत?" हे विचारावं. पहिला आकडा बँकेच्या खातेउताऱ्यावर मिळतो. दुसरा दुकानातला माल, कारागिरांच्या हातातलं काम आणि शिल्लक लगड मिळून होतो, पण तो शुद्ध सोन्यात मोजलेला हवा. दोन्ही आकडे जवळपास सारखे असले, तर भावाची काळजी नाही. बँकेचे एक हजार आणि दुकानात सहाशे असतील, तर मधले चारशे कुठे गेले, याचं उत्तर मामांना मिळालंच पाहिजे. विकले असतील तर त्यांचे पैसे बँकेत का गेले नाहीत? उधारीवर दिले असतील तर कुणाला, आणि त्या उधारीचा भाव बांधला आहे की मोकळा आहे? सहीपूर्वी कागदावर हेही पाहावं की जामीनकी दहा लाखांपुरती मर्यादित आहे की 'निघेल ती सर्व रक्कम' असं लिहिलं आहे, आणि कर्ज नवं झालं तर ठेव आपोआप पुन्हा अडकते का. देशात विकायच्या दागिन्यांसाठी अशा कर्जाला बरीच वर्षं १८० दिवसांची कमाल मर्यादा राहिली आहे, पण एक फिटलं की दुसरं घेतात, आणि मामांची पावती तशीच अडकून राहते.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. धातुकर्ज सोन्याच्या भावापासून वाचवतं, सरकारी शुल्कापासून नाही. जुलै २०२४ मध्ये केंद्र सरकारने सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं आणि देशातला भाव एका दिवसात उतरला. ज्यांच्या मालात जुन्या दराने भरलेलं शुल्क मुरलेलं होतं, त्यांना तेवढा फटका बसलाच.

आता लगड परत देण्याकडे येऊ. गलाईवाल्या मंडळींना हा प्रश्न लगेच सुचतो. भाचा म्हणेल, "मी जुनं सोनं घेतो, गाळून चोख करतो. बँकेचं सोनं मी सोन्यातच फेडतो, भाव बांधायची भानगडच नको." हिशेबाने त्याचं बरोबर आहे. मग अडतं कुठे?

पूर्वीचा नियम असा होता की घेतलेल्या सोन्याच्या किमतीचे रुपयेच भरायचे. परदेशी पुरवठादाराला बँक डॉलर देणं लागते, तिथे करोलबागेतली लगड चालत नाही. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने यात एक दार उघडलं. कर्जाचा काही भाग सोन्यातच फेडण्याची मुभा दिली, पण अटी घातल्या. मूळ कर्ज देशातच मिळालेल्या सोन्यातून, किंवा सुवर्ण मुद्रीकरण योजनेत लोकांनी ठेवलेल्या सोन्यातून दिलेलं हवं. फेड एक किलो किंवा त्याहून मोठ्या खेपेत हवी. सोनं 'इंडिया गुड डिलिव्हरी' किंवा लंडनच्या 'गुड डिलिव्हरी' प्रमाणात बसणारं हवं. ते सोनं शुद्धीकरण कारखान्याने, किंवा बँकेला मान्य असलेल्या मध्यवर्ती संस्थेने, थेट बँकेला पोहोचवायचं. कर्जदाराचा हात त्याला लागता कामा नये. आणि ही सोय करारात आधीच लिहिलेली हवी.

कर्जदाराचा हात का नको? आपल्या गलाईवाल्याचं सोनं चोख नसतं म्हणून नव्हे. त्याच्या मुशीतून निघालेली लगड शुद्धतेत कमी नसेलही. पण बँकेला ती लगड उद्या दुसऱ्या सराफाला द्यायची आहे. त्या वेळी ती पुन्हा गाळून तपासत बसता येत नाही. म्हणून लगडीवर मान्य कारखान्याचा शिक्का, क्रमांक आणि वजन लागतं, आणि तिथून बँकेच्या तिजोरीपर्यंत ती कुणाच्या हातात गेली याची अखंड नोंद लागते. आपल्या दिल्लीपासून जवळ, हरियाणातल्या नूह जिल्ह्यात एमएमटीसी-पॅम्पचा कारखाना आहे. लंडनच्या यादीत नाव असलेला तो भारतातला शुद्धीकरण कारखाना. भाच्याला जुन्या सोन्यातून फेड करायची, तर त्याचं सोनं अशा मान्य कारखान्यातून जावं लागेल.

किती सोनं लागेल तेही पाहू, कारण इथे अनेकांचा अंदाज चुकतो. समजा बँकेची लगड ९९५ शुद्धतेची होती. म्हणजे एक किलोत ९९५ ग्रॅम चोख सोनं. बावीस कॅरेटच्या दागिन्यात हजारात ९१६ भाग सोनं असतं. एक किलो ९९५ची लगड परत करायला असे सुमारे १,०८६ ग्रॅम दागिने गाळावे लागतील. पण घरोघरीचे जुने दागिने बावीस कॅरेटचे म्हणून घेतलेले असले, तरी जोडाच्या डागामुळे टंच खाली येतो. सरासरी ८८० टंच लागला, तर सुमारे १,१३१ ग्रॅम हवेत. गाळताना जाणारी घट आणि कारखान्याची मजुरी वेगळी. एका किलोच्या देण्यापोटी १३० ग्रॅमहून अधिक जास्तीचं वजन गोळा करायचं आहे. ज्याने वहीत 'दुकानात एक किलो दागिने आहेत, बँकेचं एक किलो देणं आहे, फिटंफाट' असं लिहिलं, त्याची वही मुळातच चुकलेली आहे. मघाशी मी ग्रॅम शुद्ध सोन्यात मोजा म्हणालो, ते यासाठी.

आता या साखळीचं दुसरं टोक. सराफाला दिलेलं देशातलं सोनं काही प्रमाणात तुमच्या-आमच्या घरातूनच आलेलं असतं. सुवर्ण मुद्रीकरण योजना नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या मध्यम आणि दीर्घ मुदतीच्या ठेवी सरकारने २६ मार्च २०२५ पासून बंद केल्या. जुन्या ठेवी त्यांच्या मुदतीपर्यंत चालू आहेत. एक ते तीन वर्षांची अल्प मुदतीची ठेव घ्यायची की नाही, हे प्रत्येक बँकेवर सोपवलं आहे. म्हणून आधी शाखेत विचारा. किमान १० ग्रॅम सोनं लागतं.

ही ठेव तुम्ही ठेवली, तर तुम्ही बँकेला ग्रॅममध्ये कर्ज दिलं आणि बँकेने ते पुढे सराफाला ग्रॅममध्ये दिलं, असं समजा. सराफाने बुडवलं तर तो बँकेचा प्रश्न. तुमचं देणं बँकेकडे आहे, तिच्या त्या सराफाशी तुमचा संबंध येत नाही. पण तुमच्या बांगड्या मात्र परत येत नाहीत. त्या तपासणी केंद्रात वितळवतात, खडे काढून तुम्हाला देतात आणि उरलेल्या चोख सोन्याचं वजन प्रमाणपत्रावर येतं. ते वजन घरच्या काट्यापेक्षा कमी दिसणार. कारण तेच, टंच आणि डाग. वितळवण्याआधी प्राथमिक तपासणीत अंदाज सांगतात. तो पटला नाही, तर तिथेच दागिना परत घेता येतो. एकदा मुशीत गेला की तो दागिना म्हणून परत येत नाही. सासूबाईंची ठुशी या कामी देऊ नका, हे माझं वैयक्तिक मत आहे, त्याला बँकेचा नियम नाही. तुटके कानातले, एकेकटी बिलवर, मोडीत घालायचं म्हणून वर्षानुवर्षं डब्यात पडलेलं असेल, ते चालेल.

आणि अर्ज भरताना एक रकाना येतो, तो मोकळा सोडू नका. मुदतीअखेर सोनं हवं की सोन्याच्या त्या दिवसाच्या भावाने रुपये हवेत, हे ठेवतानाच सांगायचं असतं. घरात लग्न असेल आणि सोनंच लागणार असेल, तर सोनं लिहा. नुसती बचत असेल, तर रुपये सोपे पडतात.